सिस्टरबाईंचा ‘स’

साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. आकाशवाणी म्हणा, रेडिओ म्हणा, घरोघरी तोच एक बोलका पाहुणा होता, आणि त्या केंद्रावर एफ.एम. सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. केंद्राची इमारत दुमजली, मागे मोटारी लावायचं मोकळं अंगण, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर प्रक्षेपणाचा मनोरा. खालून आवाज टेकडीवर जायचा आणि टेकडीवरून जगात.

केंद्रावर आवाजाचं काम बघणारे दोघे होते. एक सत्तावन्न वर्षांचे ज्येष्ठ, ज्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्यातला एक सूर इकडचा तिकडे झाला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणून हे नाव. त्यांनाही ते आवडायचं, पण कुणी म्हटलं की उगाच ‘पुरे, पुरे’ करायचे. आणि दुसरी त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली सत्तावीस वर्षांची बाई. तिचा आवाज बारीक आणि टोकदार, म्हणून कानसेनांनी पहिल्याच दिवशी तिला ‘चिमणी’ म्हटलं आणि तेच चिकटलं. घरी दोन वर्षांची लेक होती तरी केंद्रावर ती चिमणीच.

चिमणीला सगळं कानसेनांनी शिकवलं. माणसाचं बोलणं हवेत सोडण्याआधी त्याची कशी आंघोळ-वेणीफणी करायची, ते. त्यांची शिकवण साधी असायची. “हे बघ, बोलणारा माणूस कधी ओरडतो, कधी कुजबुजतो. ऐकणारी बाई स्वयंपाकघरात असते. नळ चालू असतो, भांडी वाजत असतात. कुजबूज तिला ऐकू येत नाही आणि ओरडणं तिला सोसत नाही. म्हणून कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज जरा दाबतो, मग आपण सगळंच थोडं वर उचलतो. पण किती दाबायचं? इस्त्री करतो ना तसं. सुरकुती जावी, कापड जळू नये.”

“आणि इक्वलायझर?”

“तो म्हणजे मीठ-मसाला. खाली टेबलाची धडधड असते ती काढायची. मध्ये खोलीचा घुमारा असतो तो जरा कमी करायचा. वर ‘स’, ‘श’, ‘च’ची धार असते, ती शब्द नीट कळण्यापुरती द्यायची. लिमिटर सगळ्यात शेवटी. तो कुंपण आहे. कुंपणाला रोज धडकत चालायचं नसतं, चुकून तोल गेला तर पडू नये म्हणून ते असतं.”

ही सगळी वाक्यं चिमणीला तोंडपाठ होती. कानसेनांचं एक ब्रीद होतं, “कानावर विश्वास ठेव, काट्यावर नको.” यंत्रावरचे काटे ते बघायचेच नाहीत. डोळे मिटून गुंडी फिरवायचे, आणि गुंडी जिथे थांबेल तिथे आवाज अगदी समोर बसून बोलल्यासारखा यायचा. चिमणीनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं.

त्या वर्षी कार्यक्रम प्रमुखबाईंनी तेरा शुक्रवारांची एक भाषणमालिका ठरवली. विषय होता घरातल्या आजारी माणसाची सेवा कशी करावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलून द्यावी, गिळता येत नाही त्याला पाणी कसं पाजावं. बोलायला त्यांनी बोलावलं ते चौतीस वर्षं रुग्णालयात काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या सिस्टरबाईंना. सिस्टरबाई म्हणजे कानसेनांची बायको. प्रमुखबाईंना ते आधी ठाऊकच नव्हतं. प्रमुखबाईंच्या आजारी सासऱ्यांना सिस्टरबाईंनी सांभाळलं होतं, म्हणून त्यांना हे नाव सुचलं होतं.

घरी आनंदीआनंद झाला. कानसेन केंद्रावर आले ते छाती पुढे काढून. “आमच्याकडे सुद्धा आता बोलणारं माणूस आहे. आजवर नुसतं बोलणी खाणारं होतं.”

भाषणं आधी टेपवर घेतली जायची आणि टेप कानसेनच तयार करायचे. पहिलं भाषण शुक्रवारी सकाळी दहाला गेलं. चिमणी पाळीवर नव्हती, ती घरी लेकीला भरवत होती. तिनं ऐकलं आणि भरवता भरवता हात थांबला. सिस्टरबाईंचा आवाज चांगला भरदार, समजुतीचा. पण प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचत होता, आणि ‘स’ आला की पाठोपाठ सगळा आवाज खाली बसत होता, मग हळूहळू वर येत होता. “सकाळी साबणानं हात स्वच्छ...” एवढ्यात तर आवाज तीन वेळा खाली-वर झाला. जणू कुणी रेडिओची गुंडी धरून झोके घेत होतं.

सोमवारी पत्रं आली. ‘बाई सांगतात फार छान, पण त्यांच्या दातांतून शिट्टी वाजते.’ ‘आवाज पाळण्यात बसल्यासारखा येतो.’ प्रमुखबाईंनी सिस्टरबाईंना फोन करून हलक्या शब्दांत विचारलं, कवळी नवीन आहे का? खरंच नवी होती, दोन महिन्यांपूर्वीची. झालं. सिस्टरबाईंनी सगळा दोष दातांना दिला.

कानसेनांनी मात्र टेकडीला दिला. “माझी टेप चोख आहे. टेकडीवाल्याचा लिमिटर आजारी पडलाय. त्याच्यासारखाच म्हातारा झालाय.”

टेकडीवाले म्हणजे प्रक्षेपणाकडे बघणारे तंत्रज्ञ, कानसेनांचे तीस वर्षांचे मित्र आणि तितकीच वर्षं भांडणारे. “माझी पेटी ठीक आहे,” ते फोनवर ओरडले. “तुझ्याकडून येतं तेच मी सोडतो. चुलीत ओलं लाकूड घालायचं आणि धुराला शिव्या द्यायच्या!”

दुसऱ्या शुक्रवारी चिमणीची पाळी होती. टेप लावली आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाळीच्या खोलीत दोन्ही ऐकायची सोय असते. इकडे कळ टाकली की टेपवरचा आवाज, तिकडे टाकली की टेकडीवरून हवेत जाऊन परत आलेला. तिनं कळ मागे-पुढे केली. टेपवर आवाज बसत नव्हता, हवेत बसत होता. म्हणजे लिमिटरच करत होता. पण टेपवरचा ‘स’ मुळातच असा धारदार होता की तिनं कानावरचा हेडफोन जरा लांब धरला.

मग तिला उलगडा झाला. एफ.एम.वर आवाज सोडण्याआधी त्याच्या वरच्या पट्टीला, म्हणजे ‘स’ची सळसळ राहते तिथे, मुद्दाम जास्तीची उचल देतात, आठ हजार कंपनांच्या आसपास आठ-नऊ डेसिबल. घरचा रेडिओ तेवढीच उचल परत उतरवतो, आणि वाटेतली खरखर त्याबरोबर दबते. सगळं ठीक असेल तर ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पण वरची पट्टी टेपवरच कुणी वाढवून ठेवली असेल तर टेकडीवर तिच्यावर आणखी उचल चढते. ‘स’ कुंपणाला धडकतो. लिमिटर बिचारा काय करणार? तो अख्खा आवाज खाली दाबतो आणि मग सावकाश सोडतो. स्टुडिओतल्या लिमिटरला ही उचल दिसतच नाही, म्हणून तिथला काटा ढिम्म.

आणि वरची पट्टी एवढी वाढवली कुणी? टेपच्या डबीवर कानसेनांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलंच होतं, ‘आठ हजारला अधिक सात’.

सात! इतर वक्त्यांना ते दोन देत. हल्ली तीन-चार देऊ लागले होते, तेही चिमणीला जरा तिखट वाटायचं. पण सात? नवशिक्या पोरानंही दिले नसते.

कानसेनांना तो ‘स’ ऐकूच येत नव्हता.

हे कुणाला सांगायचं? साहेबांना सांगावं तर कानसेनांना दुसऱ्या दिवशी कागदपत्रांच्या टेबलावर बसवतील. त्यांना स्वतःला सांगावं तर कुठल्या तोंडानं? ज्यांनी कान कसा लावायचा ते शिकवलं त्यांना ‘तुमचे कान गेले’ म्हणून सांगायचं?

तिनं पळवाट काढली. तिसऱ्या शुक्रवारी टेप लावली आणि पाळीच्या टेबलावरची वरच्या पट्टीची गुंडी गुपचूप उतरवली. भाषण सुरळीत गेलं. सोमवारी एकही तक्रार नाही. उलट एका शिक्षिकेचं पत्र आलं की त्यांनी वडिलांची चादर सिस्टरबाईंच्या सांगण्यावरून बदलली आणि वडील झोपेतून जागेसुद्धा झाले नाहीत.

कानसेन खूश. “बघितलंस? टेकडीवाल्याला झापलं तेव्हा कुठे सुधारला.”

टेकडीवाले तिकडे म्हणत असणार, मी काहीही केलं नाही. पण त्यांचं कोण ऐकतो!

चौथ्या शुक्रवारी लेकीला ताप आला आणि चिमणीनं रजा घेतली. पाळीवर दुसरा माणूस होता, त्यानं टेप आली तशी सोडली. डबीवर आता ‘अधिक नऊ’ होतं, हे चिमणीनं नंतर पाहिलं. चिमणी मांडीवर तापलेली पोर घेऊन ऐकत होती. ऐकवेना. ‘स’ शिट्टी मारत होता, आवाज दम लागल्यासारखा बसत-उठत होता. अर्धांगाच्या रुग्णाला पाणी पाजायचं कसं, हा जिवावरचा विषय, आणि त्यातले अर्धे शब्द बुडाले.

प्रमुखबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यावरही साहेब होते. त्यांनी सांगून टाकलं, “पाचवं भाषण असंच गेलं तर मालिका थांबवावी लागेल. मला स्वतःला वाईट वाटतंय.”

मंगळवारी संध्याकाळी चिमणी कानसेनांच्या घरी गेली. कानसेन कोपऱ्यावरून काही आणायला गेले होते. सिस्टरबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणत होत्या, “सरळ, सावकाश, सोसेल तसं, सरळ, सावकाश...”

“काय चाललंय मावशी?”

“सराव. दातवाल्याकडे दोनदा जाऊन आले. तो म्हणतो कवळी उत्तम बसलीय. मी म्हटलं, तुला काय जातंय म्हणायला, रेडिओवर तू बोलत नाहीस.” त्या हसल्या आणि खाली बसल्या. “जाऊ दे गं. मीच कळवते प्रमुखबाईंना, की तब्येत बरी नाही. त्यांनी थांबवण्याआधी आपण थांबलेलं बरं.”

“नाही मावशी. दातांचा काही संबंध नाही.” चिमणीनं नजर खाली घातली.

सिस्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं माणसांच्या चेहऱ्यावरून दुखणी ओळखलेली बाई ती. “बोल.”

“त्यांनी वरची पट्टी फार वाढवलीय. नऊपर्यंत गेलेत.”

सिस्टरबाई म्हणाल्या, “सहा महिने झाले, मला म्हणतायत, हल्ली तू पुटपुटतेस. शब्द चावतेस. मी भांडले, म्हटलं तुम्हीच लक्ष देत नाही. एखाद्या रुग्णाच्या नवऱ्यानं हे सांगितलं असतं तर मी त्याच पावली कान तपासायला पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. म्हणजे मी नीट ऐकू यावी म्हणून त्यांनी...”

“हो.”

“वेडा माणूस.” त्यांनी पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. “मग तर ठरलंच. मी सोडते.”

“अहो, पण का?”

“अगं, त्यांचं सगळं आयुष्य त्या दोन कानांत आहे. दहा महिने राहिलेत निवृत्तीला. मी काय, शेजारणींना सांगेन चादर कशी बदलायची. तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ आहे.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कानसेन आत आले. “काय गं चिमणे, काय कुजबुजताय दोघी?”

“तुमची तक्रार करत होते,” सिस्टरबाई म्हणाल्या.

“मोठ्यानं करा की. आमच्यात काय लपवाछपवी?” आणि लगेच चिमणीकडे वळून म्हणाले, “उद्या दुपारी टेकडीवर जायचंय. दोन ते चार प्रक्षेपण बंद असतं. त्या टेकडीवाल्याच्या समोर माझी टेप त्याच्या पेटीतून काढतो आणि त्याची पेटी आजारी आहे हे त्याच्याच डोळ्यांना दाखवतो. तू साक्षीदार.”

चिमणीनं सिस्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. पण कानसेन एकदा निघाले की निघाले.

बुधवारी दुपारी केंद्राची गाडी त्यांना टेकडीवर घेऊन गेली. मनोऱ्याच्या पायथ्याला एक बसकी खोली, भिंतीला लावलेल्या यंत्रांच्या पेट्या, आणि कोपऱ्यात टेकडीवाल्यांचं स्टूल, ज्यावर ते कुणाला बसू देत नसत. कानसेनांना बघताच ते उठले.

“या, धुरावर रुसलेले!”

“गप्प बस आणि टेप लाव.”

टेप लागली. टेकडीवाल्यांनी लिमिटरच्या पेटीवरचा काटा दाखवला. आवाज कुंपणात असला की काटा उजवीकडे उभा. लिमिटर आवाज दाबायला लागला की डावीकडे पडतो. आजवर काट्यांकडे न बघणारे कानसेन आज चष्मा चढवून काट्यासमोर बसले. पेटीचं दुखणं पकडायचं होतं ना.

“सकाळी साबणानं हात स्वच्छ...” सिस्टरबाईंचा आवाज आला. काटा पडला. उठला. पडला. पुन्हा पडला.

“बघ!” कानसेन ओरडले. “इथे काही नाही आणि काटा पडतोय. मोठा शब्द कुठे आहे? ओरडलीय का ती? पेटी बिघडलीय हे अजून कसं सांगू?”

टेकडीवाल्यांनी चिमणीकडे पाहिलं. तेवढ्यात आणखी एक ‘स’ आला आणि तिचे डोळे आपोआप बारीक झाले, तोंडात कच्ची चिंच गेल्यासारखे.

कानसेनांनी ते पाहिलं. काट्यावरून त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, तिथून पुन्हा काट्यावर. त्यांनी टेप थोडी मागे घ्यायला सांगितली. या वेळी ते आवाजाकडे नाही, चिमणीच्या चेहऱ्याकडे बघत होते. काटा पडला की तिचे डोळे मिटत होते. दर वेळी. एकदाही चूक नाही.

त्यांनी चष्मा काढला.

“टोन देणारं यंत्र आहे ना तुझ्याकडे?” त्यांनी टेकडीवाल्यांना विचारलं. यंत्रांची जुळणी करायला एकसारखी शिट्टी देणारी पेटी असते, तिच्यावरची तबकडी फिरवली की शिट्टी वर वर चढते.

“आहे. पण कशाला उगाच...”

“मी भिंतीकडे तोंड करतो. ऐकू आला की बोट वर करीन. प्रामाणिकपणे कर हं. दोस्ती नको.”

ते भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले. हजारला बोट वर. दोन हजारला वर. तीन हजारला वर. चारला थोड्या वेळानं वर. सहाला टेकडीवाल्यांनी आवाज वाढवला तेव्हा बोट अर्धवट उठलं. मग तबकडी आठ हजारवर गेली.

“चालू कर ना,” कानसेन म्हणाले.

टेकडीवाले तबकडी धरून राहिले.

“अरे, चालू कर. किती वेळ?”

कानसेन वळले. चिमणी दोन्ही हात कानांवर घट्ट धरून उभी होती आणि टेकडीवाल्यांनी मान खांद्यात घातली होती.

खोलीत ती शिट्टी तशीच वाजत होती. टेकडीवाल्यांनी हात पुढे करून ती बंद केली, तेव्हा दोघांनी सुटकेचा श्वास घेतला. कानसेनांना काहीच फरक पडला नाही.

ते स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसू दिलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. टेकडीवाले म्हणाले, “माझ्या पेटीची माफी माग.”

“मागतो,” कानसेन म्हणाले, आणि खरंच पेटीकडे वळून हात जोडले. मग तिघंही हसले, पण कानसेनांचं हसू मध्येच तुटलं.

उतारावरून येताना गाडीत त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या शुक्रवारी.”

“आणि तिसऱ्या शुक्रवारी सुधारलं ते?”

“मी गुंडी उतरवली होती.”

“हं. आणि घरी? तिला माहीत आहे?”

चिमणीला शपथ होती. ती गप्प राहिली, पण गप्प राहण्यातच उत्तर होतं.

“आणि तरी बोलली नाही? काय म्हणाली?”

“म्हणाल्या, त्यांचे कान राहू देत, मी भाषण सोडते.” शपथ तुटली ती तुटलीच. पाप लागलं असतं तर लागो.

कानसेन खिडकीबाहेर बघत राहिले. “लग्नाला एकतीस वर्षं झाली,” शेवटी म्हणाले. “तोंड बंद ठेव म्हणून मी किती वेळा विनवलं असेल. ऐकलं नाही कधी. आणि आता बघ, कशापायी ऐकायला निघालीय. ते काही नाही. उद्या सकाळी आठला ये. मूळ टेप आहे, काहीही न लावलेली. तीच घेऊ.”

केंद्रावर पोचल्यावर ते आधी प्रमुखबाईंच्या खोलीत गेले, दार लावून. बाहेर चिमणी नखं खात उभी. पाच मिनिटांत बाहेर आले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘मला शुक्रवारी दहाला स्वच्छ ऐकू यायला हवं. गुंडी कुणाच्या बोटांनी फिरली ते मला सांगू नका, मी ऐकलंच नाही.’ मी म्हटलं, न ऐकण्याचं काम माझं आहे बाई, तुम्ही कशाला घेता?”

गुरुवारी सकाळी दोघं बसली. मूळ टेप सुरू झाली. पाचवं भाषण होतं कूस बदलण्याचं. कानसेनांनी डोळे मिटले.

“खाली टेबल धडधडतंय. कोपर टेकतेय ती. ऐंशीच्या खालचं काढ.”

काढलं.

“आता तीनशेच्या आसपास जरा कमी. घुमतंय. बस, जास्त नको, नाहीतर तिचा आवाज पातळ होईल. जाड आवाजाची बायको आहे माझी, पातळ करून लोकांना ओळखू येणार नाही.”

मग कॉम्प्रेसर. तिथे चिमणीनं पुन्हा तेच पाहिलं जे ती आठ वर्षं पाहत आली होती. या माणसाच्या कानातला तो भाग जसाच्या तसा होता. “तीनाला एक ठेव, म्हणजे तीन पायऱ्या चढणारा आवाज एकच चढेल. मोठ्या शब्दाला चार-पाच डेसिबल दाबलं गेलं की पुरे. पकड जरा उशिरा येऊ दे, नाहीतर शब्दाचं तोंडच दाबलं जातं. आणि सोडताना सावकाश. का माहितेय?” टेप पुढे गेली. सिस्टरबाई म्हणत होत्या, ‘आता त्याच्या खांद्याखाली हात घाला... थांबा. त्याला सांगा, तुला वळवतेय.’ मध्ये एक थांबा होता, श्वासाएवढा.

“इथे,” कानसेन म्हणाले. “इथे कॉम्प्रेसर पटकन सुटला तर तो तिचा श्वास आणि खोलीची खरखर धरून वर आणेल. भसकन येईल. ती थांबते ती घाबरलेल्या माणसासाठी थांबते. तो थांबा शांतच राहायला हवा.”

चिमणीनं सोडायचा वेळ वाढवला. थांबा शांत राहिला.

मग वरच्या पट्टीची पाळी आली. कानसेनांचा हात सवयीनं गुंडीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो मांडीवर घेतला.

“ही तुझी,” ते म्हणाले. “आजपासून चार हजारच्या वर तुझं राज्य. खाली माझं.”

चिमणीनं गुंडी शून्यावर आणली. ऐकलं. कवळी नवी होती हेही खरंच, तेवढी धार होतीच. तिनं सात हजारच्या आसपास दोन डेसिबल उतरवले. “आता ठीक.”

“नक्की?”

“नक्की.”

“मला तर ती गोधडीतून बोलतेय असं वाटतंय.”

“तुम्हाला वाटू दे.”

“असं उत्तर गुरूला?” ते म्हणाले, पण तोंडभर हसले. शेवटी लिमिटर लावला, मोजून-मापून, एखाद्याच शब्दाला जेमतेम शिवेल इतका. टेकडीवाल्यांना फोन करून दुपारी त्यांच्या पेटीतून टेप काढायला लावली. “काटा झोपलाय,” टेकडीवाले म्हणाले. “घोरतोय नुसता.”

शुक्रवारी कानसेनांनी रजा टाकली. घरी बायकोशेजारी बसून ऐकायचं होतं. चिमणी पाळीवर होती. दहाला टेप लावली, कळ हवेच्या बाजूला टाकली आणि हात जोडून बसली. ‘नमस्कार. आज आपण रुग्णाची कूस बदलायला शिकू. सावकाश, सोसेल तसं...’

आवाज तसूभरही खाली बसला नाही. ‘स’ आले आणि गेले, बाकीच्या अक्षरांसारखे. आणि तो थांबा आला तेव्हा चिमणीनं स्वतःचा श्वास धरला. नुसती शांतता होती, आणि मग सिस्टरबाई म्हणाल्या, ‘त्याला सांगा, तुला वळवतेय.’

भाषण संपून पाच मिनिटं होताहेत तोच टेलिफोन वाजला. सिस्टरबाई होत्या, मागे कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

“कसं झालं मावशी?”

“मला तर छान वाटलं गं. पण हे म्हणतायत, आज तू पहिल्यापासून शेवटपर्यंत पुटपुटत होतीस!”

मागून कानसेनांचा आवाज आला, “तिला सांग, मला पुटपुटल्यासारखं वाटलं म्हणजे बरोबरच असणार!”

आणि त्यांच्या हसण्यात सिस्टरबाईंचं हसणं मिसळलं, आणि चिमणीनं कानावरचा फोन घट्ट धरून दोघांचं सगळं हसणं ऐकून घेतलं.

मालिका तेरावर थांबली नाही. प्रमुखबाईंनी ती एकोणचाळीस शुक्रवार चालवली, नंतर त्यांची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली आणि निवृत्त होऊन त्या मुलाकडे परदेशी गेल्या. तिथून दर वर्षी त्यांचं कार्ड यायचं. टेकडीवाले मनोरा सोडून कुठे गेले नाहीत. निवृत्तीनंतरही संध्याकाळी टेकडी चढून जायचे, नव्या माणसाला सल्ले देऊन भंडावायचे, आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले. कानसेनांनी दहा महिने चिमणीच्या जोडीनं काम केलं, मानानं निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात बायकोबरोबर जाऊन कानाचं यंत्र बसवून आले. ते यंत्र त्यांना कधीच आवडलं नाही. त्यातला कॉम्प्रेसर गावठी आहे, म्हणायचे. तरी अकरा वर्षं घातलं. शेवटच्या आजारात सिस्टरबाईंनीच त्यांची कूस बदलली, चादर बदलली, आणि प्रत्येक वेळी आधी सांगितलं, तुम्हाला वळवतेय. सिस्टरबाई त्यांच्यामागे सहा वर्षं जगल्या, गल्लीतल्या पोरींना शिकवत. चिमणी केंद्राची मुख्य अभियंता झाली. तिची लेक डॉक्टर झाली, कानांची. आता चिमणीचंही वय झालं आहे. वर्षातून एकदा लेक तिला बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवते, आणि सहा हजारच्या पुढे चिमणी बोट वर करत नाही.